मंगळवेढ्याला न पोचलेले कोड

मंगळवेढ्याच्या त्या सभेत पहिला प्रश्न मला एका म्हाताऱ्या बाईने विचारला. हातातला मोबाईल माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "ताई, ह्यो नुस्ता गोल गोल फिरतोय. कोड कवा यायचा?"

मी म्हटलं, "येईल हं मावशी, एक मिनिट."

ते मिनिट पुढे अकरा दिवस चाललं.

मी सोलापुरात घरी बसून लहान-मोठ्या दुकानांसाठी, संस्थांसाठी अ‍ॅप बनवते. त्याआधी सहा वर्षं पुण्यात नोकरी केली. वडील गेले, आई एकटी पडली, म्हणून परत आले. माझी बहुतेक कामं ओळखीतून येतात. हे कामही तसंच आलं. डॉक्टर आमच्याच गल्लीत राहायचे. गुरांचे डॉक्टर. सगळी नोकरी त्यांनी मंगळवेढा, सांगोला भागात केलेली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार असायचे, कारण कुणाची ना कुणाची शेळी आजारी असल्याचा फोन यायचाच. एके दिवशी आईच्या हातची शेंगाचटणी खात ते मला म्हणाले, "मेंढपाळांची एक संस्था आहे आमची. कळप कुठे आहे, लस कधी दिली, पुढची कधी, हे मी आजवर डोक्यात ठेवलं. आता डोकं गळायला लागलंय. तुझ्या त्या अ‍ॅपमध्ये ठेवता येईल का?"

मी हो म्हटलं. पैशाचं काय, असं विचारायचं धाडस आईसमोर झालं नाही.

अ‍ॅप सोपं ठेवलं. माणसाने आपला मोबाईल नंबर टाकायचा, त्याच्या मोबाईलवर सहा आकड्यांचा कोड मेसेजने यायचा, तो टाकला की आत. पासवर्डची भानगड नको, कारण पासवर्ड लक्षात ठेवायला सांगणं म्हणजे त्यांना परत पाठवण्यासारखं, असं डॉक्टरांचं म्हणणं. आत गेल्यावर कळपाची संख्या, गाव आणि लसीची तारीख. बस.

मेसेज पाठवणारी कंपनी मी इंटरनेटवर शोधली. त्यांनी चाचणीसाठी स्वतःचं नाव आणि स्वतःचा तयार मजकूर वापरायला दिला. अट एकच, आधी नोंदवून ठेवलेल्या दहा नंबरांवरच हे मेसेज जातील. मी माझा, आईचा, डॉक्टरांचा, डॉक्टरांच्या सुनेचा, असे नंबर नोंदवले. कोड चटचट यायचे. आईच्या मोबाईलवर मेसेज वाजला की ती स्वयंपाकघरातून कन्नडमध्ये ओरडायची, "कोड बंतु!" कोड आला! तिला तेवढंच कौतुक.

आपल्या देशात कुणालाही असे मेसेज वाटेल त्या नावाने पाठवता येत नाहीत, हे मला माहीत होतं. आधी पाठवणारी संस्था टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदवहीत नोंदवायची, मग मेसेजवर दिसणारं सहा अक्षरी नाव नोंदवायचं, आणि मग मेसेजचा मजकूर शब्दन् शब्द नोंदवायचा. बदलणारी जागा कुठली तेही त्यात सांगायचं. या तिन्हीपैकी एक जरी नसलं, तरी मेसेज मधेच अडवतात. लोकांना फसवणारे मेसेज थांबावेत म्हणून हे केलेलं आहे, आणि ते बरोबरच आहे.

मला माहीत होतं, आणि तरीही मी चुकले. संस्थेची कागदपत्रं मी सभेच्या तीन आठवडे आधी त्या नोंदवहीच्या पोर्टलवर चढवली. "अर्ज मिळाला" असा हिरवा शिक्का पडद्यावर दिसला. मी तो पाहिला आणि मनातल्या मनात तिन्ही कामं झाली म्हणून खूण केली. डॉक्टरांनी विचारलं, "झालं ना ते नावाचं?" मी म्हटलं, "झालं." सभेच्या आदल्या संध्याकाळी मी चाचणीचं नाव काढलं आणि सेटिंगमध्ये संस्थेचं नाव आणि आपला मजकूर भरला. मेसेज कंपनीच्या पॅनेलवर एक मेसेज पाठवून पाहिला. पॅनेल म्हणालं, "स्वीकारला." माझ्या मोबाईलवर तो काही आला नाही. घरात रेंजचा तसाही घोळ असतो, म्हणून मी ते सोडून दिलं. आजही ती संध्याकाळ आठवली की कानशिलं गरम होतात.

सभा संस्थेच्या जुन्या गोदामात होती. साठेक माणसं असतील. घरी शेळ्या राखणाऱ्या बाया, थोडे म्हातारे, आणि जे कळप घेऊन बाहेर गेले होते त्यांच्या घरची माणसं. जवळजवळ सगळ्यांनी मोबाईल आणलेले. काहींनी तर त्यासाठी नातवंडांचे मोबाईल मागून आणलेले. डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं, "लस चुकली की काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. आता ही पोरगी सांगेल ते करा."

मी सांगितलं. सगळ्यांनी नंबर टाकले. आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो.

बाहेर एसटी वळल्याचा आवाज आला. मग कुणीतरी मोबाईल खिडकीशी नेला, कुणी अंगणात. एक बाई म्हणाली, "माजं रिचार्ज संपलंय म्हून आसंल." तिची शेजारीण म्हणाली, "माजं कालच मारलंय की, तरी न्हाय." एका पैलवान गड्याने मोबाईल बंद करून परत चालू केला. त्याचं बघून दहा जणांनी तेच केलं. प्रत्येकजण आपल्याकडेच काहीतरी कमी असणार असं धरून चालला होता. माझ्याकडे कुणी बोट दाखवत नव्हतं, आणि तेच मला सहन होईना.

मी कोपऱ्यात जाऊन लॅपटॉप उघडला. पॅनेलवर साठ ओळी, प्रत्येकीपुढे "स्वीकारला". आणि मग, पहिल्यांदाच, मी शेजारच्या रकान्यात पाहिलं. तिथे पोच लिहिलेली असते. साठच्या साठ ओळींत "पोचला नाही".

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडे एक शांत आवाजाची मुलगी होती.

"मॅडम, आम्ही तुमचा मेसेज घेतला आणि पुढे दिला. 'स्वीकारला'चा अर्थ तेवढाच. पुढे टेलिकॉम कंपनीने अडवलाय. तुम्ही वापरलेलं नाव त्यांच्याकडे नोंदलेलं नाही. मजकूरही नाही."

"पण मी अर्ज केला होता."

"मंजूर झाला का, ते पोर्टलवर बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं.

"तात्पुरतं चाचणीचं नाव परत लावता येईल?" मी विचारलं.

"ते फक्त तुमच्या दहा नंबरांना, मॅडम. बाकीच्यांना नाही जाणार."

मी डॉक्टरांना बाजूला बोलावून सांगितलं. झालं असं मी म्हटलं होतं ते झालेलं नाही, चूक माझी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मागे वळून सभेला म्हणाले, "मंडळी, आपल्या संस्थेचं नाव अजून सरकारदरबारी चढायचं राहिलंय, म्हणून कोड अडलेत. तुमचे मोबाईल चांगले आहेत. आज कागदावर लिहून घेऊ."

"तुमचे मोबाईल चांगले आहेत" हे ते मुद्दाम म्हणाले. ते ऐकून त्या रिचार्जवाल्या बाईच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी विसरलेले नाही. मी एकेकाजवळ बसून लिहायला लागले. नाव, गाव, मोबाईल नंबर, कळपात किती, शेवटची लस कधी. दुपारी तीनपर्यंत माझी बोटं दुखायला लागली. लिहून झाल्यावर एका आजीने माझा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाली, "लई लिवलंस बाय. आता च्या पी."

घरी येऊन पोर्टल उघडलं. अर्ज पंधरा दिवसांपूर्वीच परत आलेला होता. कारण लिहिलेलं होतं: अधिकारपत्रावर सचिवांची सही आहे, संस्थेच्या नोंदणीप्रमाणे सही अध्यक्षांची हवी. याचा ईमेलही त्यांनी संस्थेच्या पत्त्यावर पाठवला होता. तो पत्ता सचिवांनी एका झेरॉक्सच्या दुकानात उघडून घेतलेला, आणि त्यानंतर तो कुणीही उघडलेला नव्हता.

तेव्हा ठरलं, अध्यक्षांनाच अधिकृत व्यक्ती करायचं. त्यांची सही, संस्थेचा शिक्का, ओळखपत्र, आणि त्यांच्या मोबाईलवर पडताळणीचा कोड. सगळं सोपं होतं, फक्त अध्यक्ष जागेवर नव्हते. ते कळप घेऊन वेळापूरकडे गेले होते. ऊस तुटून गेलेल्या रानांत शेतकरी मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतासाठी. आज या रानात, परवा त्या रानात.

डॉक्टरांनी फोन केला. "कुठे आहेस रे?"

पलीकडून वाऱ्याचा आवाज, आणि त्यातून, "अकलूजच्या अलीकडं. पाटाच्या कडंला. या की!"

एवढ्या पत्त्यावर आम्ही निघालो. डॉक्टरांची जुनी गाडी, मागच्या सीटवर संस्थेचा लेटरहेड, शाईचा पॅड, शिक्का, माझा लॅपटॉप, आणि आईने बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या. वाटेत डॉक्टर फारसं रागावले नाहीत. एकदाच म्हणाले, "नोकरीत एकदा मी लसीच्या बाटल्या मोजल्या आणि बर्फ मोजायला विसरलो होतो. सगळी लस गेली. साहेब काही बोलले नाहीत. त्याचा मला जास्त त्रास झाला. म्हणून तुला बोलतो, पुढच्या वेळी 'झालं' म्हणायच्या आधी बघत जा." आणि मग गाडी थांबवून त्यांनी एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला मेंढरांचा कळप कुठे दिसला का, ते विचारलं.

चौथ्या माणसाने बरोबर सांगितलं. तुटलेल्या उसाचं रान, त्यात जाळीचं गोल कुंपण, बाजूला दोन घोडी, आणि बांधावर तीन दगडांची चूल. अध्यक्ष म्हणजे सत्तरीचे, बारीक चणीचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. डॉक्टरांना पाहताच त्यांनी काठी टाकून दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले. त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहून विचारलं, "ही मोबाईलवाली पोर व्हय?" आणि उत्तराची वाट न बघता चुलीवर चहा चढवला.

सही झाली. शिक्का मात्र पहिल्यांदा उलटा पडला, म्हणून दुसरा कागद घेतला. ओळखपत्र त्यांच्या कमरेच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं निघालं. त्याचा फोटो काढला, पत्राचा काढला, बांधावर चढून रेंज पकडली आणि सगळं पोर्टलवर चढवलं. आता फक्त त्यांच्या मोबाईलवर कोड यायचा होता. पोर्टलवाल्यांचं नाव अर्थातच नोंदलेलं, त्यामुळे त्यांचा कोड दहा सेकंदांत टुणकन आला.

"मामा, काय आकडे आलेत सांगा बरं," मी म्हटलं.

त्यांनी मोबाईल छातीशी धरला.

"न्हाय सांगायचा."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय?"

"कोड कुणालाबी सांगायचा न्हाय. ब्यांकेच्या सायबानं सांगितलंय. माज्या साडूला असंच यका बाईनं गोड बोलून फोन क्येला, त्येनं कोड सांगितला, आन् बकरं इकून आलेलं समदं ग्येलं." मग जरा ओशाळून, "तुमी तशा न्हाय, कळतंय मला. पर न्हाय सांगायचा म्हंजी न्हाय."

डॉक्टर म्हणाले, "अरे, मी समोर उभा आहे ना!"

"तुमालाबी न्हाय, डाक्टर."

मी हसायला लागले, आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणीही आलं. सभेनंतर इतके दिवस मी स्वतःवर वैतागलेली होते, आणि इथे एक माणूस फसवणूक टाळायचा नियम अगदी काटेकोरपणे पाळत उभा होता. ज्यांच्यासाठी असे नियम केलेत, त्यांच्यातलाच.

"मामा, तुम्ही बरोबर आहात," मी म्हटलं. "मला सांगू नका. तुम्हीच टाका."

खताच्या दोन पोत्यांवर लॅपटॉप ठेवला. मी कुठे दाबायचं ते दाखवून पाठ फिरवली. डॉक्टरांनाही फिरवायला लावली. आम्ही दोघं मेंढरांकडे बघत उभे राहिलो. मागून आवाज येत होता, "सात... चार कुटंय... ह्ये हितं... हां." आणि मग, "ताई, ह्यो लाल झाला."

वेळ संपून गेला होता. दुसरा कोड मागवला. या वेळी त्यांनी बायकोला आकडे वाचायला लावले, कारण "ती घरची हाय". त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या. एकेक आकडा त्या नवऱ्याच्या कानात सांगत होत्या, गुपित सांगावं तसा, आणि ते एका बोटाने दाबत होते. पडदा हिरवा झाला तेव्हा आम्हाला आधी मामींची टाळी ऐकू आली.

आम्ही चहा प्यालो, भाकऱ्या चटणीशी मोडून खाल्ल्या. या वेळी हिरव्या शिक्क्यावर मी विश्वास ठेवला नाही. रोज सकाळी आणि संध्याकाळी पोर्टल उघडून बघायचे.

दोन दिवसांनी संस्था मंजूर झाली. मग सहा अक्षरी नाव. आम्ही मागितलेलं पहिलं नाव परत आलं, कारण ते संस्थेच्या नावाशी जुळत नव्हतं. डॉक्टरांना ते ऐकायला छान वाटायचं, एवढ्यासाठीच ते मागितलं होतं. दुसरं नाव संस्थेच्या नावाच्या अक्षरांतूनच बांधलं, तसा खुलासाही लिहिला, आणि ते मिळालं. मग मजकूर. मराठीतच हवा, असा डॉक्टरांचा हट्ट, तो मी आनंदाने मानला. मजकुरात संस्थेचं नाव यायलाच हवं, आणि कोडाची जागा ठराविक खुणेने दाखवायला हवी. तो मंजूर झाला, तरी पहिला मेसेज पुन्हा अडला. शोधताना दोन तास गेले. अ‍ॅपमध्ये मी वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिला होता, नोंदवलेल्या मजकुरात तो नव्हता. एक टिंब. ते खोडलं.

या अकरा दिवसांत आमचा संसार कागदावरच चालू होता. सभेत लिहून घेतलेल्या यादीवरून मी एकेकाला फोन करायचे आणि लसीची पुढची तारीख सांगायचे. आई शेजारी बसून यादीवर खुणा करायची. हळूहळू तिलाही लोक ओळखायला लागले. एक बाई फोन उचलताच म्हणायची, "ताईला न्हाय, तुमच्या आईला द्या." मग दोघी अर्धा तास सांधेदुखीवर बोलायच्या. माझ्या कामात अशी माणसं पहिल्यांदाच आली होती. एरवी मला नुसते नंबर दिसायचे.

अकराव्या दिवशी दुपारी पोच दाखवणारा रकाना उघडला. "पोचला." खाली परत "पोचला." मी डॉक्टरांना फोन केला आणि म्हटलं, "मी बघितलंय. दोनदा." ते म्हणाले, "ऐकतोय." एवढंच. पण संध्याकाळी ते पेढे घेऊन आले, आणि आईला म्हणाले की ते त्यांच्या सुनेच्या वाढदिवसाचे आहेत. सुनेचा वाढदिवस कधी असतो हे आईला चांगलं माहीत होतं. तिने पेढा खाल्ला.

त्यानंतर मी दोन अ‍ॅप आणखी केली. दोन्ही वेळा पहिला फोन नोंदणीच्या कागदांसाठी केला, आणि सही कोणाची लागते, ते आधी विचारलं. ते नंतरचं.

त्या उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आधी, लसीची पहिली फेरी अ‍ॅपवरून बोलावली गेली. डॉक्टरांनी मला मुद्दाम नेलं. मंगळवेढ्याच्या बाहेर माळावर सकाळीच पाच कळप जमले होते. धूळ, घंटा, बेंबें. मला वाटलं, मी सावलीत बसून यादी तपासायची. पण सुई देणारा माणूस एकटा होता, आणि कुणीतरी माझ्या हातात एक काळं कोकरू दिलं.

"कान धरा ताई. न्हाय, असा न्हाय. हळू. तेला वाटलं पायजे की आपण धरलंच न्हाय."

मी हळू धरला. कोकराचं हृदय माझ्या मनगटावर धडधडत होतं. सुई टोचली, ते एकदा हललं, आणि मग माझ्या ओढणीचं टोक चावायला लागलं. त्या दिवशी मी चाळीसेक कोकरं धरली. घरी पोचले तेव्हा आईने दारातच थांबवून म्हटलं, "आधी आंघोळ. मग आत."